बिट्टीचं आडनाव

बिट्टी उपाशीपोटी ड्यूटीला गेली असेल, ही काळजी आईच्या अंगवळणी पडली होती. ती काळजी दुपारच्या फोनबरोबर मिटायची. पण गेले काही दिवस एक वेगळीच काळजी तिच्या डोक्यात घर करून बसली होती. पोरगी हट्टापायी आपल्याच हातानं आपलं नुकसान करून घेईल आणि वर मान ताठ ठेवून सांगेल, मी बरोबरच केलं. पोळ्या लाटताना, कपडे वाळत घालताना, शेजारणीशी बोलतानासुद्धा तो विचार पाठ सोडत नव्हता.

बिट्टी हे घरातलं नाव. रुग्णालयात ती सगळ्यांची सिस्टर. डायलिसिसच्या विभागात तिची उमेदीची वर्षं गेली. तिथले रुग्ण आठवड्यातून दोन-तीनदा येतात, तासन्‌तास यंत्राला जोडलेले पडून राहतात आणि हात पुढे करण्याआधी आज कोण आहे ते बघतात. बिट्टी असली की खांदे सैल सोडतात. सुई टोचताना ती कधी "दुखणार नाही" म्हणत नाही. "दुखेल, पण एकदाच," म्हणते, आणि शब्दाला जागते. एक निवृत्त मास्तर तर तिच्या सुट्टीच्या दिवशी आपली पाळी बदलून मागायचे.

लग्न झालं तेव्हाही ती हीच नोकरी करत होती. लग्न टिकलं नाही. का टिकलं नाही याची चर्चा बिट्टीनं घरात होऊ दिली नाही. दोन बॅगा घेऊन आली आणि म्हणाली, "आई, माझी खोली रिकामी आहे ना?" कोर्टाचा निकाल लागला त्याच आठवड्यात तिनं रुग्णालयातला बिल्ला बदलून घेतला, बँकेत अर्ज दिला, दारावरच्या पाटीवरही माहेरचंच नाव आलं. पासपोर्ट तेवढा राहून गेला. लग्नानंतर हौसेनं काढलेला तो पासपोर्ट कपाटात पडून होता आणि त्याची कुणाला आठवणही नव्हती.

मग परदेशातल्या एका रुग्णालयाचं बोलावणं आलं. मुलाखत झाली, भाषेची परीक्षा झाली. आता तिथल्या परिचारिका मंडळाकडे नोंदणी झाली की निघायचं. त्या नोंदणीचा फॉर्म बिट्टीनं एका बैठकीत भरला, आणि महिन्याभरात तो परत आला.

"अर्जातलं नाव पासपोर्टशी जुळत नाही," तिनं जेवणाच्या टेबलावर वाचून दाखवलं. "दुरुस्ती करा आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचा पुरावा द्या. महिनाअखेरपर्यंत आलं नाही तर अर्ज बंद."

"आणि अर्ज बंद झाला तर?" आईनं विचारलं.

"तर ती जागा यादीतल्या पुढच्या मुलीला."

"तू नेमकं काय लिहिलंस?"

"माझं नाव लिहिलं."

बाबांनी ताटातून मान वर केली. "तीन-तीन नावं असलेल्या बाईनं माझं नाव म्हटलं की कुठलं ते विचारावं लागतं."

बिट्टी हसली नाही. तिनं फॉर्म त्यांच्यापुढे सरकवला. आडनावाच्या रकान्यात माहेरचं आडनाव. स्वतःच्या नावाच्या रकान्यात तिचं आणि बाबांचं नाव. जन्माच्या वेळच्या आडनावाचा रकाना कोरा, कारण तिच्या मते ते वर लिहून झालं होतं. आणि 'पूर्वी दुसऱ्या कुठल्या नावानं ओळखल्या जात होता का' याच्यापुढे ठसठशीत 'नाही'.

आईनं फॉर्म ओढून घेतला. "अगं, नाही कसं?"

"ते नाव मी टाकलंय. टाकलेल्या वस्तूची यादी कोण देतं?"

दुसऱ्या दिवशी आई तिच्याबरोबर भरती कार्यालयात गेली. बिट्टीला ते आवडलं नव्हतं, पण तिनं अडवलंही नाही. दुसऱ्या मजल्यावरची ती खोली फायलींनी भरलेली होती, खिडकीत पंखा कुरकुरत होता. टेबलामागच्या बाई वर्षानुवर्षं नर्सेसना परदेशी पाठवत होत्या. त्यांनी पासपोर्ट उघडला, फॉर्म शेजारी ठेवला आणि चष्मा कपाळावर चढवला.

"सिस्टर, रागावू नका. हा फॉर्म तुम्हाला तुमचं मत विचारत नाही. तुमच्या पासपोर्टवर काय छापलंय ते विचारतो."

"छापलंय ते चूक आहे."

"चूक नाही, जुनं आहे. पासपोर्ट बदलून आणा, मग तुम्ही म्हणाल ते आडनाव लिहू. पण नवा पासपोर्ट महिनाअखेरीच्या आत हातात पडेल याची हमी मी देणार नाही."

बाईंनी कोरा फॉर्म काढला आणि पासपोर्टवर बोट ठेवलं.

"हे बघा. आडनावाच्या ओळीत सासरचं आडनाव आहे, तर आडनावाच्या रकान्यात तेच. फक्त आडनाव, दुसरं काही नाही. खालच्या ओळीत तुमचं नाव आणि त्याला लागून यजमानांचं. म्हणजे स्वतःच्या नावाच्या रकान्यात दोन्ही, याच क्रमानं."

"माझ्या नावात त्यांचं नाव?" बिट्टीचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "ते काय माझं नाव आहे?"

"नाही. पण बऱ्याच देशांत नावाच्या मध्ये वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव घालत नाहीत. त्यांच्याकडे दोनच कप्पे, आडनाव आणि बाकीचं सगळं. पासपोर्ट काढताना तुम्ही यजमानांचं नाव 'बाकीच्या'त टाकलंत, ते तिथे छापलं गेलं. आता विमानाचं तिकीट, व्हिसा, नोंदणी, सगळं त्यावरूनच बनणार."

आईनं विचारलं, "मग माहेरचं नाव जातच नाही का कुठे?"

"जातं की. 'जन्माच्या वेळचं आडनाव' हा रकाना त्यासाठीच असतो. काही फॉर्मवर त्याला लग्नापूर्वीचं आडनाव म्हणतात. तिथे माहेरचं आडनाव एकटंच लिहायचं, पूर्ण नाव नाही. पूर्ण जुनं नाव, वडिलांच्या नावासकट, या 'इतर नावां'च्या रकान्यात. कधीकधी 'लग्नानंतरचं आडनाव' असाही वेगळा रकाना येतो, तिथे सासरचं. सिस्टरनी जिथे 'नाही' लिहिलंय ना, तिथेच सगळा घोळ झाला. यांच्या नर्सिंग कॉलेजनं गुणपत्रकं परस्पर पाठवली, ती माहेरच्या नावानं. मंडळाच्या लेखी शिकली एक बाई, पासपोर्ट दुसऱ्या बाईचा, आणि पहिली म्हणते मला दुसरं नावच नव्हतं."

"म्हणजे मी खोटारडी," बिट्टी म्हणाली.

"त्यांना तसं वाटू नये म्हणून तर बसलोय."

आईला वाटलं, आता ही उठेल, पर्स उचलेल आणि चालू लागेल. लग्नातून ती अशीच उठली होती, मागे न बघता. पण बिट्टीनं पेन उचललं.

"नोंदणी सासरच्या नावानं झाली, तर नंतर बदलता येते?"

"पासपोर्ट बदला, कोर्टाच्या निकालाची प्रत लावा, मंडळाला कळवा. नाव बदलतं. नोंदणी क्रमांक तोच राहतो."

"क्रमांक तोच राहतो," बिट्टीनं स्वतःशी म्हटलं आणि लिहायला सुरुवात केली. आडनावाच्या रकान्यात तिनं न थबकता लिहिलं. दुसऱ्या रकान्यात स्वतःचं नाव लिहून पेन हवेत थांबलं. आईनं नजर खिडकीकडे वळवली. परत बघितलं तेव्हा दोन्ही नावं लिहून झाली होती, स्वच्छ, एकेक अक्षर सुटं. जन्माच्या वेळचं आडनाव लिहिताना मात्र तिनं पेन इतकं दाबलं की बाई म्हणाल्या, "खाली टेबल आहे, सिस्टर."

राहिला पुरावा.

बिट्टीनं फायलीतून निकालाची प्रत काढली. बाईंनी ती वाचली आणि मान हलवली. "यात सगळीकडे सासरचंच नाव आहे. डिप्लोमावर माहेरचं. दोन्ही नावं एकाच कागदावर हवीत, आणि ती लग्नाच्या नोंदणीच्या दाखल्यावर असतात. तो कुठाय?"

"तिकडे," बिट्टी म्हणाली.

तिकडे म्हणजे कुठे, हे बाईंनी विचारलं नाही. "नोंदणी कार्यालयातून प्रमाणित प्रत मिळते. पण तिथे सध्या जुनी दप्तरं हलवतायत. माझ्याकडच्या दोन नर्स महिनाभर खेटे घालतायत. तुम्ही अर्ज करून ठेवा, पण त्याच्या भरवशावर राहू नका."

घरी परतताना दोघी रस्त्यानं चालत आल्या. फळवाल्याच्या गाडीपाशी बिट्टी थांबली, केळी घेतली, एक सोलून तिथेच खाल्लं. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, हे आईला तेव्हा कळलं.

"मी फोन करणार नाही," बिट्टी म्हणाली. "भांडण म्हणून नाही. माझा आवाज ऐकला की त्या रडतील, मग मी रडेन, आणि दाखला राहील बाजूला."

त्या म्हणजे बिट्टीच्या सासूबाई. घटस्फोटात त्यांनी कुणाचीच बाजू घेतली नव्हती आणि त्यामुळे दोन्हीकडून बोलणी खाल्ली होती. आई त्यांच्याशी शेवटचं बोलली ते कोर्टाच्या जिन्यावर. विहीणबाई पुढे आल्या होत्या आणि आई पाठ फिरवून खाली उतरली होती. तेव्हा तिला ते योग्य वाटलं होतं. आजही अयोग्य वाटत नव्हतं.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. "माझं नाव फॉर्मवर आलं का शेवटी?"

"आलं. इतर नावांत," बिट्टी म्हणाली.

"इतरांत का होईना. घरातही माझी जागा तीच आहे."

बिट्टी या वेळी हसली. मग आंघोळ करून, वेणी घालून संध्याकाळच्या ड्यूटीला निघाली. दारात चपला घालताना म्हणाली, "आई, तुला जमत नसेल तर त्यांना फोन नको करूस. मी नोंदणी कार्यालयासमोर ठाण मांडून बसेन. पण केलास तर दाखला मागायचा फक्त. तो माझाही आहे. विनवण्या नकोत."

"आणि तिकडून त्यांच्या मुलानं फोन उचलला तर?"

"तर त्यालाही तेच सांगायचं."

ती जिना उतरून गेली. आईनं गॅसवरचं दूध उतरवलं, ओटा पुसला, पुसलेला ओटा परत पुसला. कार्यालयातली ती पेन हवेत धरलेली बिट्टी तिच्या डोळ्यांसमोरून हलेना. जे नाव टाकून ती घरी आली, तेच तिनं आज स्वतःच्या नावाशेजारी लिहिलं होतं, कारण तिला जायचं होतं. ती हट्टापायी स्वतःचं नुकसान करून घेईल, अशी इतके दिवस धास्ती घेतली होती. हट्ट पोरीनं बाजूला ठेवला. आता जिन्यावर पाठ फिरवलेली आई तेवढी उरली होती, आणि पोरीची नोकरी तिच्यापाशी अडली होती.

आईनं हात कोरडे केले. विहीणबाईंचा नंबर तिनं कधी पुसला नव्हता. काय बोलायचं ते मनात एकदा जुळवून बघितलं. आधी तब्येत विचारायची, मग दाखला. जिन्यावरचं त्यांनी काढलं तर ऐकून घ्यायचं.

बाबांनी टीव्हीचा आवाज बंद केला. आईनं फोन उचलला आणि नंबर लावला.