गाडीपुढे नाव घेताना

माझी अट एकच होती, गाडीची किल्ली माझ्याकडेच राहील. लेकाचीही एकच, गाडी चालवताना स्क्रीनला बोट लागलं की किल्ली त्याच्याकडे.

त्याचं चुकलं नव्हतं म्हणा. आदल्या आठवड्यात तुर्भ्याजवळ नणंदेचा फोन आला. तो उचलायला मी स्क्रीनवर ते वाटाण्याएवढं हिरवं बटण शोधत बसले आणि वर बघते तर नाकासमोर कंटेनर! ब्रेक वेळेवर लागला म्हणून वाचलो. ह्यांच्या डोळ्यांचं दुखणं सुरू झाल्यापासून घरात स्टिअरिंग माझ्याच हातात. दर पंधरवड्याला ऐरोलीहून उरणला, ह्यांच्या बहिणीकडे, आम्ही दोघंच जातो. किल्ली गेली की ते बंद. "कॅबने जा ना," म्हणे! वाटेत वाटेल तिथे थांबून वांगी निवडून घेऊ देणारा कॅबवाला दाखव म्हणावं मला.

सून शहाणी. रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये माझ्या शेजारी येऊन बसली. बरीचशी सेटिंग्ज गाडी उभी असतानाच बदलता येतात, हे तिनेच सांगितलं. आधी अक्षरं सगळ्यात मोठी केली. मग पहिल्या पानावरची चित्रांची जत्रा हटवून तीनच ठेवली, फोन, नकाशा, रेडिओ, एकेक भाकरीएवढं. स्टिअरिंगवर चांदणीचं एक बटण होतं. मी ते इतके दिवस शोभेचं समजत होते. ते दाबलं की घरचा रस्ता लागेल असं करून दिलं. आणि त्याच्या बाजूचं बोलायचं बटण.

"दाबायचं, टिंग वाजेपर्यंत थांबायचं, मग थोडक्यात बोलायचं," ती म्हणाली. "आई, थांबणं जमेल ना?"

टोमणा कळला हो मला. पण जमलं. रेडिओ लागला, नणंदेला फोन लागला. मी तर हरखूनच गेले. मग लेक खिडकीशी येऊन म्हणाला, "आता बाबांना लाव. अडीअडचणीला पहिला फोन त्यांनाच जाणार ना?"

इथे घोडं अडलं. माझ्या फोनमध्ये हे 'अहो' आहेत. यादीत सगळ्यात वर येतात, बोट ठेवलं की झालं! पण गाडीला 'अहो' काही केल्या कळेना. सुनेने फोनमध्ये बदलून 'घर' करून पाहिलं, तर गाडी घरचा रस्ताच दाखवायला लागली. आम्ही तर घराच्याच खाली उभ्या! 'मिस्टर' केलं, तर 'मिस्टर पेस्ट कंट्रोल'पासून सगळे मिस्टर ओळीने उभे राहिले.

"आई, नाव घाला ना सरळ," सून म्हणाली. तिने घातलंसुद्धा. पण ते उच्चारणार कोण? चव्वेचाळीस वर्षांत मी ह्यांचं नाव घेतलंय ते फक्त उखाण्यात. तोंडाला सवयच नाही हो. गाडी चालवणाऱ्या बाईला कसली लाज, असं कुणाला वाटेल. वाटू दे.

परीक्षा पुढच्या शनिवारी. हे माझ्या शेजारी, लेक मागे. पाम बीच रोडला सिग्नल लाल झाला तसा तो म्हणाला, "हं, आता."

मी बटण दाबलं. टिंग वाजलं. आणि काय सांगू, तोंडातून आपोआप निघालं,

"उरणच्या वाटेला खाडीचा वारा,
 …रावांना फोन लाव, नको करू पसारा."

लेक मागे हसून लोळला. पण गाडीने नाव येण्याआधीच कान मिटले होते. समजलं नाही, पुन्हा सांगा म्हणाली. दुसऱ्यांदाही उखाणाच निघाला, आणि ती बया पुन्हा तेच म्हणाली. हे खिडकीबाहेर बघत बसलेले, पण कान लाल.

"आई," लेकाचं हसू थांबलं होतं. "उद्या घरी बाबांना काही झालं नि तू एकटी गाडीत असलीस, तर? किंवा तुलाच काही झालं तर? तेव्हा उखाणा सुचेल?"

मला राग आला. खरं सांगायचं तर भीती वाटली. मी पुन्हा बटण दाबलं, टिंग ऐकलं आणि ह्यांचं नाव घेतलं. 'राव' नाही, काही नाही. नुसतं नाव, आडनाव, आणि "फोन लाव."

ह्यांच्या खिशातला फोन वाजायला लागला.

हे उचलेनात. सिग्नल हिरवा झाला, मागच्यांनी हॉर्नचा धुरळा उडवला, मी गाडी काढली, तरी तो वाजतोच आहे.

"अहो, उचला ना! किल्लीचा प्रश्न आहे!"

"वाजू दे," हे म्हणाले. आवाज कसनुसा झाला होता. "कट झाला की परत लावशील ना?"