टेपताईंची बदली आणि सासूबाईंची खोली

टेपताईंच्या गळ्यात मोजायची टेप कायम लटकलेली असे. एकदा तर त्या तशाच लग्नाला जाऊन आल्या, आणि फोटोतही टेप आली. कपड्यांच्या कारखान्यात एका मापाच्या नमुन्यावरून लहानमोठी मापं काढणं हे त्यांचं काम. घर त्यांच्या पगारावर चाले, सांभाळायचा नवरा.

त्यांना दुसऱ्या, महागड्या शहरातल्या कारखान्यात विभागप्रमुखाची जागा चालून आली. वीस टक्के पगारवाढ. तिथली महागाई सरासरी तेवढीच जास्त आहे, असं कार्यालयाचं म्हणणं.

"पदरी पडलं पवित्र झालं," नवरा म्हणाला. पण तिकडची घरं बघितली तर तीन खोल्यांचं भाडं थेट दुप्पट! "दोन खोल्यांत भागवू," तो हळूच म्हणाला.

"माझं काय, मी स्वयंपाकघरात पडेन," आतून सासूबाई बोलल्या.

आताच्या तीन खोल्यांतली एक सासूबाईंची. तिथे त्या खोकत, रेडिओ ऐकत आणि सुनेच्या चुका काढत. तरीही ताईंना ते पटेना. बढती घ्यायची आणि म्हातारीची खोली काढून घ्यायची, ही कसली बढती?

दुसऱ्या दिवशी त्या पगार ठरवणाऱ्या साहेबांसमोर बसल्या. "साहेब, शर्ट मोठा करताना सगळं सरसकट वाढवलं तर काय होईल?"

"कॉलरमध्ये दोघं मावतील," साहेब हसले.

"तुमचे वीस टक्के तसेच आहेत. खांदा थोडा वाढतो, छाती जास्त. तिकडे भाडं दुप्पट, बाकीचं दहाच टक्के महाग. तुमच्या सरासरीत स्वतःच्या घरात राहणारेही धरलेत, म्हणून खर्चाच्या शंभर रुपयांतले दहाच भाड्याचे. माझे तीस जातात."

साहेबांनी तक्ता उघडला. खरंच दहा होते.

ताईंनी हिशोब मांडला. महिन्याचा खर्च पन्नास हजार. त्यातलं भाडं पंधरा, ते तीस होणार. बाकीचे पस्तीस दहा टक्क्यांनी वाढून साडेअडतीस. "शिल्लक टाकतो ती आहे तेवढीच राहू दे, तिच्यावर वाढ नको. मला साडेअठरा हजार जास्त हवेत."

"साडेअठरा मी देणार नाही," साहेब म्हणाले.

ताईंचा चेहरा पडला. टेप बोटांत गुंडाळली गेली.

"अहो, वाढीतला पाचवा हिस्सा करात कापला जाईल. हातात साडेअठरा पडायला तेवीस हजारांच्या वर लागतील. कर विसरलात! माणूस मला तिकडे टिकणारा हवाय. तीन महिन्यांत परत येणारा नको."

ताई इतक्या मोठ्याने हसल्या की शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघू लागले. जिंकल्याचा आनंद लपवायचा कशाला? सही झाल्याबरोबर त्यांनी घरी फोन लावला. "आईंना सांगा, त्यांची खोली पक्की. खिडकीसकट!"

पलीकडून सासूबाईंनीच फोन हिसकावून घेतला. "मला काय, कुठेही चाललं असतं," त्या म्हणाल्या. मग घसा खाकरून पुढे, "पण घर बघायला जाशील तेव्हा खिडकीचं माप घेऊन ये. टेप आहेच गळ्यात. पडदा मी शिवणार."