चौदा मीटरच्या खालचे दहा आकडे

मी आयुष्यात एकदाच ठरवून खोटं बोलले, तेही एका शब्दाचं. त्या शब्दापायी एक पाण्याची टाकी वाकडी झाली आणि एक म्हातारा माणूस बदनाम झाला. माझं मात्र काहीच बिघडलं नाही.

तेव्हा मी कुंभकोणमला काकांच्या माती परीक्षणाच्या कचेरीत होते. काका वडिलांचे लांबचे चुलतभाऊ, इंजिनिअरिंग कॉलेजातून निवृत्त झालेले. दोन खोल्या, एक कोन टेस्टचं यंत्र आणि त्यांची सही, एवढंच आमचं भांडवल. सहीला मान होता. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि ऑपरेशनला ते घाबरत. तसं सांगत मात्र नसत, "पुढच्या महिन्यात" म्हणत.

सुंदरपेरुमाळ कोयिलजवळच्या एका गावाची उंच टाकी पाइलवर, म्हणजे जमिनीत खोल जाणाऱ्या काँक्रीटच्या खांबांवर, उभी राहायची होती. जागा भातशेताच्या कडेला. कापणीनंतर गेलो तरी जमीन पावलाखाली दबत होती.

कोन टेस्ट दिसायला साधी. बोटभर टोकाचा पोलादी शंकू सावकाश, एका वेगानं जमिनीत दाबायचा. टोकाला किती विरोध होतो तो एक आकडा. टोकाच्या वर एक बाही असते, स्लीव्ह, तिच्या अंगाला माती किती घासते तो दुसरा. पाइल म्हणजे तरी काय, तोच शंकू जाडजूड होऊन उभा राहिलेला. टोकाखालची माती त्याला उचलून धरते, बाजूची माती घट्ट पकडते. म्हणून या दोन आकड्यांवरून पाइल किती भार घेईल ते थेट काढता येतं. आमचे पाइल ठोकलेले नव्हते, भोक पाडून ओतलेले होते. अशा वेळी दोन्ही आकड्यांना कात्री लावावी लागते, कारण भोक पाडताना माती सैल होते. ती कात्री मी नीट लावली होती. एवढं तरी म्हणू दे.

यंत्र जमिनीला धरून ठेवायला लोखंडी स्क्रूचे नांगर रोवतात. चौदा मीटरवर शंकू घट्ट वाळूत शिरला, टोकाचा आकडा अठरा मेगापास्कलवर गेला आणि चिखलातले नांगर उपटून यंत्रच वर उचललं गेलं. आमचा फोरमन कपाळ पुसत तमिळमध्ये म्हणाला, "मणल वंदाच्चु. अव्वळवुदान." वाळू आली, संपलं. आमच्या या डेल्टात ही जवळजवळ धर्मश्रद्धा आहे. वाळू लागली की देव पावला, खाली कोणी विचारत नाही.

पण हिशेब विचारतो. पाइलचं टोक चौदा मीटरवर बसणार होतं आणि पाइलचा व्यास अर्धा मीटर. टोकाची ताकद एका बिंदूवरून ठरत नाही. वरचे आठ व्यास आणि खालचे चार व्यास, एवढ्या पट्ट्यातल्या आकड्यांची सरासरी घ्यायची. खाली कुठे मऊ थर असेल तर तो सरासरीला ओढतो, आणि ओढलाच पाहिजे. म्हणजे मला सोळा मीटरपर्यंतचे आकडे हवे होते आणि हातात चौदापर्यंतचेच होते. नांगर दुसरीकडे रोवून, वर वजन ठेवून पुन्हा करायचं तर दोन दिवस गेले असते. मला तंजावरला मावसबहिणीच्या साखरपुड्याला जायचं होतं. कारण एवढंच. मोठं कारण असतं तर निदान सांगताना बरं वाटलं असतं.

कचेरीत खालचे रकाने रिकामे, म्हणून संगणक सरासरी काढेना. मी शेवटच्या आकड्याचा कोपरा माउसनं पकडला आणि खाली ओढला. दर वीस सेंटिमीटरला एक, असे दहा आकडे भरले गेले. टोकाचे अठरा, अठरा, अठरा. स्लीव्हचेही तसेच. आलेख सुरेख दिसत होता. खऱ्या मातीचा आलेख कधी इतका सरळ नसतो, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळलं असतं.

काकांनी भिंग लावून कागद पाहिला. "सोळापर्यंत गेलं गे?" त्यांनी विचारलं.

"गेलं," मी म्हणाले.

त्यांनी सही केली.

एका पाइलवर भार ठेवून चाचणी झाली, ती पासही झाली. बाजूच्या घर्षणानं तेवढं निभावलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत मी सुखात झोपले. एकटा पाइल आपल्यापुरतं ओझं खाली देतो. सगळे मिळून देतात तेव्हा ते खोलवर जातं, हे मला शिकवलेलं होतं. शिकवलं होतं काकांनीच.

टाकी भरली आणि तीन आठवड्यांत नदीच्या बाजूनं वीतभर खचली. खालच्या तीन घरांतल्या लोकांना भांडीकुंड्यांसकट शाळेत नेऊन ठेवलं. एक बाई काकांकडे बघून शिव्या देत होती. काकांना नीट दिसत नव्हतं, म्हणून ते आवाजाच्या दिशेनं हात जोडत होते. मी त्यांच्या मागे उभी होते.

चेन्नईहून जड ट्रकवरचं यंत्र आलं. त्याला नांगर लागत नाहीत, त्याचं वजनच पुरतं. टाकीपासून थोड्या अंतरावर शंकू खाली गेला. चौदाला अठरा, तसंच पुढे, आणि पंधराच्या जरा पुढे आकडा कोसळला. अठरावरून एकाच्याही खाली. स्लीव्ह आणि टोकाचं प्रमाण, वाळूत शंभराला एकाहूनही कमी असतं ते, चारच्या वर चढलं. म्हणजे चिकणमाती, मऊ, जुन्या नदीपात्रात साठलेली. चौकशीला आलेला अधिकारी आकडे मोठ्यानं वाचत होता. काका मान खाली घालून ऐकत होते. मधेच त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मोतीबिंदूतून काय दिसलं असेल ते असो, पण त्यांना कळलं.

चौकशीत पहिला प्रश्न हाच आला, की चौदाच्या खालचे आकडे कोणी भरले?

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. काका आधी बोलले, "मीच. वाळू पुढे असणार असं धरलं. माझी चूक."

मी तोंड मिटलं. त्यांचा परवाना गेला, कचेरीला कुलूप लागलं, टाकी पाडली. गावाला पाणी टँकरनं येऊ लागलं. मला चेन्नईत नोकरी मिळाली, त्याच कामाची.

जायच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. सगळं सांगून टाकीन, चौकशीवाल्यांनाही लिहून देईन, असं वाटेत दहा वेळा ठरवलं. तंजावरकडच्या आमच्या मराठी लोकांत उंबऱ्याबाहेर तमिळ आणि आत मराठी, पिढ्यान्‌पिढ्या असंच चालत आलंय. काकांनी दार उघडलं, मला ओळखलं, आत घेतलं. मी म्हणाले, "काका, ते आकडे—"

"वांग, मेडम," ते म्हणाले, परक्या बाईला म्हणतात तसं, आदरानं. "उक्कारुंग." या, बसा, घरात असूनही तमिळमध्ये.

मी बसले. त्यांनी कॉफी दिली. मी ती प्यायले, पेला खाली ठेवून उठले आणि आजपर्यंत कुणालाही काही लिहून दिलेलं नाही.