मीटरवरचं नाव

शिवणकाम करणाऱ्या ताईंनी आजींचा जुना फ्लॅट विकत घेतला, पण विजेचा मीटर अजून आजींच्या दिवंगत नवऱ्याच्याच नावावर होता. वीज कार्यालयात बाकी कागद तयार होते. अडलं होतं फक्त आजींच्या ना-हरकत सहीवर. आजी पेन धरून बसूनच राहिल्या.

ताई मुळातच तापट. "अहो, करा की सही!"

"दर महिन्याला त्यांच्या नावानं बिल तरी यायचं," आजी म्हणाल्या.

ताईंचा राग कुठल्या कुठे पळाला. त्या कागद आवरू लागल्या. "राहू द्या. त्यांच्या नावानंच भरेन मी."

आजींनी कागद ओढला आणि सही केली. "नको गं बाई. जन्मभर घरातले दिवे बंद करत फिरले ते. तुझं मशीन दिवसभर चालणार. जिवाला घोर लागेल त्यांच्या."