मावशींचे नऊ तास

आमच्या लॉन्ड्रीत मावशींना घाबरत नाही असं कोणी नव्हतं. मुकादमसुद्धा त्यांच्याशी जरा जपूनच बोलायचा. वीस वर्षं त्या धुलाईच्या मशीनवर होत्या. दर महिनाअखेरीला हजेरीपत्रक ऑफिसात जाण्याआधी त्या मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवत. "भरवसा आहे गं सगळ्यांवर, पण फोटोवर जरा जास्त," असं म्हणत.

धुलाईवाल्यांचे हात दिवसभर ओले, म्हणून त्यांचे जादा तास पत्रकावर मीच लिहायचे. मी घड्या घालणारी, माझे हात कोरडे.

पगार झाल्यावर चौथ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मावशी पगाराची पावती घेऊन आल्या. ओव्हरटाइम वीस तासांचा हवा होता, पावतीत अकराच.

"क्लार्क म्हणतो, अर्ज द्या. तू लिही. असा लिही की त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या पाहिजेत. फोटो जोडू, म्हणजे तोंड बंद."

चष्मा घरी विसरला म्हणून त्यांनी मोबाइल माझ्याकडे दिला. मी फोटो मोठा केला. मावशींच्या ओळीत अकराच तास होते. बारा, तेरा, चौदा तारखेचे तीन-तीन तास त्यांच्या खालच्या ओळीत होते. ती ओळ माझी. अक्षरही माझंच. त्या तिन्ही संध्याकाळी मी वेळेवर घरी गेले होते आणि जाण्याआधी मावशींचे ठरलेले तीन-तीन तास घाईघाईत खालच्या ओळीत टाकले होते.

माझ्या पावतीत सहाऐवजी पंधरा तास आले होते. ते मी पाहिलं होतं. ऑफिसची चूक असेल, आपण कशाला बोला, असं म्हणून पावती घडी करून पर्समध्ये टाकली होती. आता मावशी क्लार्कच्या सात पिढ्या उद्धारत होत्या आणि मला मान वर करवेना. फोटो पुसून टाकावा, असंही क्षणभर मनात आलं. त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते.

मी अर्ज लिहिला आणि वाचून दाखवला: "बारा ते चौदा तारखेचे रोजचे तीन, असे एकूण नऊ जादा तास मी चुकून माझ्या ओळीत लिहिले. ते मावशींच्या नावे धरून त्यांना फरक द्यावा. मला मिळालेली जादा रक्कम माझ्या पुढच्या पगारातून कापून घ्यावी. पत्रकाचा फोटो आणि दोघींच्या पावत्या सोबत जोडल्या आहेत."

मावशींनी मोबाइल परत घेतला. मग म्हणाल्या, "लिहिताना चूक होते. माणूस आहे."

माझा जीव भांड्यात पडला.

"मला कमी आले ते मला पगाराच्याच दिवशी कळलं. तुला जास्त आले ते कधी कळलं?"

"त्याच दिवशी," मी म्हणाले.

त्यांनी पेन मागितलं आणि माझ्याकडे न बघता माझ्या सहीखाली सही केली.