एक तारा आणि तोंडभर कौतुक

आमच्या ऑफिसात तिला सगळे पुटपुटबाई म्हणायचे. गिऱ्हाइकांनी लिहिलेले अभिप्राय वाचून ‘चांगला’, ‘वाईट’ किंवा ‘मधला’ असा शिक्का मारायचा, हे आमचं काम. ते शिक्के बघून संगणकातलं मॉडेल शिकायचं आणि पुढचे अभिप्राय आपलं आपण ओळखायचं. ही बाई प्रत्येक अभिप्राय ओठातल्या ओठात वाचायची. मी दोनशे उरकायचे, तोवर हिचे साठ. डोकं उठायचं माझं!

एका अभिप्रायावर आम्हा तिघींची मतं घ्यायचे. दोघींचं जुळलं की तेच खरं. तिचं सारखं वेगळं पडायचं. शेवटी साहेबांनी सांगून टाकलं, “ताई, तुमचं कुणाशीच जुळत नाही. शुक्रवारपर्यंत बघतो, नाहीतर दुसरं कुणी घ्यावं लागेल.” घरी नवरा अंथरुणाला खिळलेला, कमावणारी ही एकटी. तिने मान हलवली आणि परत पुटपुटायला लागली.

शुक्रवारी मॉडेलने एका गीझरच्या अभिप्रायांचा अहवाल काढला. शंभरातले नव्वद लोक खूश, विजेच्या झटक्याची तक्रार एकही नाही. चार वाजता तो गीझरच्या कंपनीला जाणार होता. साडेतीनला ती उठली.

“साहेब, गिऱ्हाइकाने पाचातला एकच तारा दिलाय, तरी मॉडेलने ‘चांगला’ म्हटलंय, असे अभिप्राय तेवढे काढा.”

“ताई, आता वेळ आहे का?”

“पाच मिनिटं. मग मी जातेच आहे.”

एकवीस निघाले. पहिला तिने मोठ्याने वाचला. “वा, काय गीझर आहे! गरम पाण्याबरोबर झटका अगदी फुकट. सासूबाई तर आनंदाने उडाल्याच!” कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच जीभ चावली.

“आता ‘मधले’ बघा,” ती म्हणाली. “‘पाणी पटकन तापतं, पण ओल्या हाताने नळ धरला की झिणझिण्या येतात.’ असं एकाने लिहिलंय. मॉडेलने बरं-वाईट एकत्र करून ‘मधला’ ठरवलं, आणि अहवालात मधले धरतच नाहीत. याचे तुकडे करा, साहेब. तापण्याबद्दल चांगलं, सुरक्षेबद्दल वाईट. आणि जिथे तारे एक सांगतात, शब्द दुसरंच, ते अभिप्राय माणसाकडे वाचायला द्या.”

“पण मॉडेलला असला टोमणा कौतुक वाटलाच कसा?” साहेबांनी मॉडेल ज्यांवरून शिकलं होतं, ते जुने अभिप्राय उघडले. असलेच टोमणे. तिचा शिक्का प्रत्येक ठिकाणी ‘वाईट’, बाकी दोन ‘चांगला’. ते माझे आणि तिसरीचे, हे तिला ठाऊक होतं.

“घाईत होतं असं,” ती एवढंच बोलली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मेली लाजच वाटली मला. “साहेब, त्यातला एक शिक्का माझा आहे,” मी म्हणाले. “वाचलंच नव्हतं मी. ‘वा’ दिसला की ‘चांगला’चा शिक्का मारायचे.”

साहेबांनी अहवाल थांबवला आणि कंपनीला फोन लावला, विक्री आधी बंद करा म्हणून. मग तिच्याकडे वळून म्हणाले, “ताई, सोमवारी वेळेवर या.” ती खाली बसली आणि पदराने डोळे पुसायला लागली.

सोमवारी मी खुर्ची तिच्या शेजारी ओढली. संध्याकाळपर्यंत माझेही साठच झाले.