'करशील ना?' या मेसेजचं उत्तर
रोह्याहून धाकट्या नणंदेचा मेसेज आला, तेव्हा मी पेणच्या बाजारात यादीतल्या सातव्या ओळीवर होते. शिकेकाई. «वहिनी, एक काम होतं. करशील ना?» बस्स. कसलं काम, कधी, कुठे, काही नाही. 'करशील का' लिहिलं असतं तर एक वेळ चाललं असतं. 'करशील ना' म्हणजे उत्तर तिनेच भरून पाठवलेलं, मी फक्त सही करायची.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी असाच मेसेज आला, तेव्हा मी 'बघते' असं लिहून मोकळी झाले होते. माझ्या माहेरी 'बघते' म्हणजे गोड शब्दांतला नकार. सासरी तो होकार! काम निघालं पेणच्या कारखान्यातून मूर्ती रोह्याला पोचवायचं. एक नव्हे, तिच्या आळीतल्या तीन घरांच्या. एसटीत एक माझ्या मांडीवर, एक नवऱ्याच्या, आणि तिसरी एका अनोळखी बाईच्या. त्या बिचारीला नागोठण्याला उतरायचं होतं, ती मूर्तीपायी रोह्यापर्यंत आली.

म्हणून या वेळी पिशवी दुकानाच्या पायरीवर ठेवली आणि नीट विचार केला. 'सांग ना' लिहिलं तर तो अर्धा होकार. 'जमणार नाही' लिहिलं आणि कुणी दवाखान्यात असलं तर? दोन्ही खोडून लिहिलं: «काय काम आहे ते आधी लिही. कधीपर्यंत हवंय तेही. शनिवारी मी मोकळी नाही. वाचून आज पाचपर्यंत हो की नाही कळवते.»

«तू आधी हो म्हण. मग सांगते.»

«ऐकल्याशिवाय हो नाही. कुणाला बरं नाहीये का, एवढं सांग.»

«नाय गो, सगळी बरी हायेत.»

मग व्हॉइस मेसेज. दोन मिनिटं, मागे मिक्सर. "तुला तर आमच्याकडचं म्हायतीच हाय" हे त्यात तीनदा, आणि काम एकदाही नाही. वैतागून फोनच लावला. ती परसात जाऊन कुजबुजत बोलली.

"रविवारी पोरीला बघायला येणार हायेत ना, तुमच्या आळीतले..."

"माहीत आहे. मग?"

"पोरगी नाय म्हणते. कंपनीत आता कायम करणार हायेत तिला. इतक्यात लग्नच नको म्हणते."

"मग कळवा त्यांना."

"हे म्हणतात, मी शब्द दिलाय, माझ्याच्यानं नाय सांगवणार. तू शेजारची. तू जाऊन सांग, पत्रिका जुळत नाय म्हण."

"पत्रिका त्यांनीच जुळवून घेतलीय गो!"

"मग दुसरं कायतरी. तुला सुचतं. गणपती आणलेस तेव्हा नाय कुरकुरलीस."

"कुरकुरले होते. तू ऐकलं नाहीस."

पाचला कळवते म्हणून फोन ठेवला. शिकेकाईच्या ओळीवर हो म्हटलं असतं, तर आता ज्या घरी माझी वाटी रिकामी जात नाही आणि त्यांची येत नाही, त्या घरी मी खोटं बोलायला निघाले असते. पण नुसतं नाही म्हणूनही भागणार नव्हतं. रविवारी पाहुणे आले असते, आणि लग्न नको म्हणणारी पोरगी पोह्यांच्या बशा घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिली असती. घरी येऊन कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे दोन रकाने पाडले: मी करेन, मी करणार नाही.

पाचला पाठवलं: «खोटं सांगायला मी जाणार नाही. फोन भावोजींनीच करायचा, उद्या दुपारच्या आत, कारण परवा ते गाडी ठरवतील. म्हणायचं: मुलीला इतक्यात लग्न करायचं नाही, आम्ही तिला आधी विचारायला हवं होतं, माफ करा. फोन झाला की मी त्यांच्याकडे जाऊन बसेन. राग काढायचा तर माझ्यावर काढू देत. एवढं मी नक्की करेन.»

दोन निळ्या खुणा. उत्तर नाही. रात्रीच्या जेवणापर्यंत मी फोन चार वेळा पाहिला आणि प्रत्येक वेळी स्वतःवरच चिडले.

दुसऱ्या दिवशी बाराला तिचा मेसेज: «केला फोन.» मी चपला घातल्या. मुलाच्या आईने आत घेतलं, पण चहा विचारला नाही.

"तुम्हाला आधीच ठाऊक असेल."

"काल दुपारी कळलं. सांगायचं त्यांनी होतं, म्हणून थांबले."

"मुलीला विचारायला काय झालं होतं यांना?"

"तेच मी विचारलं." खरं तर विचारलं नव्हतं. विचारायला हवं होतं.

ती बराच वेळ बडबडली, मी ऐकून घेतलं. निघताना म्हणाली, "रविवारच्या आधी कळलं, एवढं बरं."

संध्याकाळी भाचीचा मेसेज आला. पहिल्याच वाक्यात सगळं, आईसारखं नाही: «मामी, बाबांनी फोन माझ्यासमोर केला. माझ्याकडे बघितलं नाही, पण 'तिला विचारायला हवं होतं' हे पूर्ण म्हणाले.»